सरासरी चार मिनिटं कुणीच पाहत नव्हतं

राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून काका-पुतणे शेतीचा यूट्यूब चॅनेल चालवतात. काका कापूस, तूर, सोयाबीन यांच्याबद्दल बोलतात, पुतण्या कॅमेरा आणि एडिटिंग बघतो. आठवड्याला एक बारा-तेरा मिनिटांचा व्हिडिओ आणि मधेमधे शॉर्ट्स असा त्यांचा क्रम आहे. सप्टेंबरच्या शेवटी पुतण्या लॅपटॉप घेऊन यवतमाळला माझ्याकडे आला, तेव्हा त्याचा निर्णय जवळपास झालेलाच होता. यापुढे एकही व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा मोठा करायचा नाही, आणि सगळं उभं शूट करायचं.

त्याच्या निर्णयामागे दोन आकडे होते. मागच्या नव्वद दिवसांत ९४ टक्के व्ह्यूज मोबाइलवरून आले होते, आणि मोठ्या व्हिडिओंचा सरासरी पाहण्याचा वेळ होता ४ मिनिटं २ सेकंद. काकाही सोबत आले होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं : "सारे मोबाइलवरच पाहून राहिले ना बा. टीवीवर कोन पाहते कापसाचं फवारनं?"

दोन्ही आकडे खरे होते. पुढे जे लिहितो आहे ते त्या दोन आकड्यांच्या पोटात काय दडलं होतं त्याबद्दल. चॅनेल ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे.

यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये गेलं की `Advanced mode` मिळतो. तिथे `Device type` निवडल्यावर मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर, टॅबलेट, गेम कन्सोल अशा ओळी दिसतात. पुतण्यानं हेच उघडलं होतं. नव्वद दिवसांत एकूण २,४०,००० व्ह्यूज, त्यातले २,२५,००० मोबाइलवरचे, टीव्हीवरचे फक्त ९,९००. टक्केवारी काढली तर टीव्ही जेमतेम ४ टक्के भरतो. हे पाहून कुणीही मोबाइलचाच विचार करेल.

पण या २,४०,००० मध्ये दीड लाख शॉर्ट्सचे होते. शॉर्ट्स ही बोटानं वर सरकवायची गोष्ट, ती बहुतेक मोबाइलवरच चालणार. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, तो किती सेकंद पाहिला याला महत्त्व नाही. बोटाखालून निसटून गेलेला शॉर्टही मोजणीत येतो. असे दीड लाख आणि बारा मिनिटांचे नव्वद हजार एका टोपलीत ओतले, की टोपलीचा रंग शॉर्ट्सचाच दिसणार. म्हणून पहिलं काम केलं ते चाळणी लावण्याचं. फिल्टरमध्ये `Content type` घेऊन फक्त `Videos` ठेवलं.

आता उरले ९०,००० व्ह्यूज. त्यात मोबाइल ७६,५००, टीव्ही ९,०००, कॉम्प्युटर ३,६००, टॅबलेट ९००. म्हणजे टीव्ही ४ वरून १० टक्क्यांवर गेला. पुतण्या म्हणाला, "तरी दहाच ना दादा." बरोबर आहे, दहाच. पण तोपर्यंत आम्ही फक्त व्ह्यूजचा स्तंभ पाहत होतो. शेजारी `Watch time (hours)` हा स्तंभ असतो, तो वाचला की चित्र बदलतं.

मोबाइलवर ४,२५० तास पाहिलं गेलं होतं, टीव्हीवर १,५०० तास. कॉम्प्युटरवर २५०, टॅबलेटवर ५०. एकूण ६,०५० तास. दर दहा व्ह्यूजमध्ये एक टीव्हीचा, पण दर चार तासांतला एक तास टीव्हीचा. कारण मोबाइलवर एका व्ह्यूमागे सरासरी ३ मिनिटं २० सेकंद पडत होते आणि टीव्हीवर १० मिनिटं. बारा मिनिटांच्या व्हिडिओत दहा मिनिटं म्हणजे जवळपास पुरा पाहिला.

आता तो चार मिनिटांचा आकडा पुन्हा बघा. ३ मिनिटं २० सेकंदवाले पुष्कळ आणि दहा मिनिटंवाले थोडे, यांची एकत्र सरासरी ४ मिनिटं २ सेकंद निघते. पुतण्या ज्या प्रेक्षकासाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करायला निघाला होता तो प्रेक्षक अस्तित्वातच नव्हता. मोबाइलवाल्याला चार मिनिटंही जास्तच होती, टीव्हीवाल्याला निम्म्यापेक्षा कमी मिळालं असतं. (मोबाइलचे ३ मिनिटं २० सेकंद हीदेखील सरासरीच आहे. त्यातही वीस सेकंदांत पळणारे आणि शेवटपर्यंत बसणारे मिसळलेले आहेत. तो गुंता वेगळा, तो कुठल्या सेकंदाला किती जण उरले हे दाखवणाऱ्या प्रत्येक व्हिडिओच्या रिटेन्शन आलेखात सोडवायचा.)

काकांना तरी पटेना. त्यांनी एक शंका काढली, आणि ती चांगली शंका होती. टीव्ही लावून ठेवतात लोक. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, घरात कुणी पाहत असो वा नसो. मग दहा मिनिटं म्हणजे टीव्हीनं पाहिलं, माणसानं नाही.

ही शंका अहवालातून थेट सुटत नाही, कारण टीव्हीसमोर कुणी बसलं आहे की नाही हे यूट्यूबला दिसत नाही. पण आडून तपासता येतं. टीव्ही नुसता आपोआप चालत असेल, तर कुठल्याही विषयाचा व्हिडिओ त्यात येईल आणि सगळ्या व्हिडिओंमध्ये टीव्हीचा वाटा साधारण सारखा निघेल. माणूस निवडून लावत असेल, तर विषयाप्रमाणे वाटा बदलेल. म्हणून एकेक व्हिडिओ उघडून त्याचा `Device type` वेगळा पाहिला.

पीक विम्याचा अर्ज मोबाइलवरून कसा भरायचा, या व्हिडिओला ७,००० व्ह्यूज होते. त्यात टीव्ही १४०, म्हणजे २ टक्के. कपाशीतली डोमकळी, म्हणजे बोंडअळीमुळे मिटून राहिलेलं फूल, कशी ओळखायची, या व्हिडिओला ११,००० व्ह्यूज आणि त्यात टीव्ही सुमारे १,५००, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास. सातपट फरक. याचा अर्थ लावायला फार हुशारी लागत नाही. अर्ज भरणारा माणूस हातातल्या मोबाइलवर एक स्क्रीन बघतो, थांबवतो, दुसऱ्या ठिकाणी भरतो. डोमकळीचा व्हिडिओ मात्र संध्याकाळी घरात बसून, भावाला नाहीतर बापाला दाखवत पाहायचा विषय आहे. गुलाबी बोंडअळीनं २०१७ च्या हंगामात विदर्भात जे केलं ते इथल्या कापूसवाल्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसलं की आत अळी, हे ते फूल मोठं करून दाखवल्याशिवाय समजत नाही.

टीव्हीच्या आकड्यात आणखी एक गोष्ट असते, ती काकांनीच सांगितली. त्यांच्या चुलतभावाकडे टीव्हीवर व्हिडिओ लागला की तिघं-चौघं बसतात. यूट्यूबच्या मोजणीत तो एक व्ह्यू. तेव्हा ९,००० हा टीव्हीवरच्या वेळा पाहिल्याचा आकडा आहे, डोक्यांचा नाही. आणखी एका बाजूनंही गळती आहे. मोबाइलवरून कास्ट केलं तर व्हिडिओ टीव्ही चालवतो आणि नोंद टीव्हीकडे जाते. पण मोबाइलची अख्खी स्क्रीनच टीव्हीवर मिरर केली, तर व्हिडिओ चालतो मोबाइलमध्येच आणि अहवालात तो मोबाइल म्हणूनच दिसतो. दोन्ही कारणांनी टीव्हीचा आकडा हा कमीत कमीचा धरावा.

इथवर डिव्हाइसचा अहवाल झाला. दुसरा अहवाल `Playback location`, आणि त्यात पुतण्याची गल्लत जास्त मोठी होती.

त्यात तीन ओळी होत्या. यूट्यूबच्या नेहमीच्या व्हिडिओ पानावर ८४,६००, बाहेरच्या वेबसाइट आणि ॲप्समध्ये ४,५००, चॅनेलच्या पानावर ९००. पुतण्यानं बाहेरच्या ४,५०० चा अर्थ लावला होता व्हॉट्सॲप. "आपन गावागावातल्या ग्रुपात लिंक टाकतो, तेच हे," असं त्याचं म्हणणं. आणि त्यावरून त्याचा निष्कर्ष असा, की व्हॉट्सॲपवर एवढी मेहनत करून पाचच टक्के मिळतात, तर ती सोडून द्यावी.

ही चूक बहुतेक सगळे करतात, कारण `External` हा शब्द दोन अहवालांत दोन अर्थांनी येतो. `Traffic source` मध्ये तो शब्द सांगतो की माणूस कुठून चालत आला. `Playback location` मध्ये तो सांगतो की व्हिडिओ चालला तेव्हा प्लेअर कुठल्या घरात होता. ग्रुपातली लिंक दाबली, यूट्यूबचं ॲप उघडलं आणि तिथे व्हिडिओ चालला, तर वाट व्हॉट्सॲपची आणि घर यूट्यूबचं. तो व्ह्यू त्या ८४,६०० मध्येच बसलेला असतो. व्हॉट्सॲपची मेहनत मोजायची असेल तर `Traffic source` उघडून त्यातल्या `External` ओळीवर क्लिक करायचं. तिथे व्हॉट्सॲपचं नाव वेगळं दिसतं. या चॅनेलला तिथून सुमारे ११,७०० व्ह्यूज आले होते, म्हणजे १३ टक्के. सोडून द्यायला निघालेली वाट चांगली वाहती होती.

मग ते ४,५०० कुणाचे? प्लेबॅक लोकेशनच्या त्या ओळीवर क्लिक केलं की पत्त्यांची यादी उघडते. हे व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या तरी पानात बसवलेले होते. यादीत सगळ्यात वर एक स्थानिक बातम्यांची वेबसाइट होती, ३,८०० व्ह्यूज. डोमकळीची बातमी देताना त्यांनी काकांचा व्हिडिओ मधे चिकटवला होता. न विचारता, पण एम्बेड करायला मोकळीक ठेवलेली असली की तसं करता येतं. त्या पानावर सरासरी पाहण्याचा वेळ होता २५ सेकंद. बातमी वाचता वाचता बोट लागलं, थोडं पाहिलं, पुढे गेले.

याचा परिणाम कुठे झाला ते पाहण्यासारखं आहे. डोमकळीच्या व्हिडिओचा सरासरी वेळ दिसत होता ३ मिनिटं ५ सेकंद, चॅनेलच्या सरासरीपेक्षा जवळपास मिनिटभर कमी. पुतण्यानं तो फसलेल्या व्हिडिओंत टाकला होता. चौदा टक्के टीव्हीवर, तरी सरासरी कमी, हे कोडं मलाही थोडा वेळ सुटेना. ११,००० मधून ते बातमीच्या पानावरचे ३,८०० वजा केले. उरलेल्या ७,२०० चा सरासरी वेळ निघाला ४ मिनिटं २९ सेकंद. फसलेला नाही, चॅनेलच्या सरासरीपेक्षा वरचा. हिशेब वहीवर होतो :

```
11000 × 185 = 2035000 सेकंद
 3800 ×  25 =   95000 सेकंद
(2035000 − 95000) ÷ 7200 ≈ 269 सेकंद
```

यादीत खाली आणखी एक पत्ता होता, फक्त २१० व्ह्यूजचा. एका कृषी महाविद्यालयाचं विद्यार्थ्यांसाठीचं पान. तिथे सरासरी ९ मिनिटं. डिव्हाइस पाहिलं तर जवळजवळ सगळं कॉम्प्युटर. ३,८०० व्ह्यूजनी बातमीच्या पानावर सव्वीस तास भरले होते आणि इथे २१० व्ह्यूजनी साडेएकतीस. बहुधा वर्गात पडद्यावर लावत असावेत, म्हणजे परत एका व्ह्यूमागे वर्गभर पोरं. काकांना इतका वेळ कुठल्याच आकड्यात रस वाटला नव्हता, पण हे ऐकून ते खुर्चीत सरळ बसले. "कॉलेजात दाखवते?" एवढंच म्हणाले.

आणि एक प्रकार या दोन्ही अहवालांत कुठेच येत नाही. कुणीतरी व्हिडिओ डाउनलोड करून त्याची फाइल ग्रुपात टाकतो. ती फाइल हजार मोबाइलवर फिरली तरी यूट्यूबच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नसतं. काकांना बाजारात भेटणारे निम्मे लोक "तुमचा व्हिडिओ पाह्यला" म्हणतात आणि चॅनेलचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, ते बहुतेक यातले. मोजता येत नाही, पण एक करता येतं. चॅनेलचं नाव आणि तारीख चित्रातच कोपऱ्यात कायम ठेवायची. मागच्या वर्षीची फवारणी यंदा फिरू नये म्हणून तारीख नावापेक्षा जास्त महत्त्वाची.

आता ठरवायचं काय? उभं शूट करण्याचा बेत तिथेच मोडला. ३२ इंची टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच असतो. त्यावर उभा व्हिडिओ लावला की मधोमध साडेबावीस सेंटीमीटरची पट्टी उरते आणि दोन्ही बाजूंना काळोख. पडद्याचा एक तृतीयांशही भाग वापरला जात नाही. शॉर्ट्स उभे राहू देत, मोठे व्हिडिओ आडवेच.

खरी अडचण अक्षरांची निघाली. पुतण्या व्हिडिओत औषधाच्या प्रमाणाचे तक्ते टाकायचा, एकात आठ-दहा ओळी. मोबाइलवर ते वाचता येत नाहीत हे त्याला कळलं होतं, पण टीव्हीचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, मग चांगलंच आहे, टीव्ही मोठा असतो, तक्ता दिसेल. इथे मी त्याला फुटपट्टी काढायला लावली. मोबाइल उभा धरून आडवा व्हिडिओ पाहिला तर चित्र जेमतेम ७ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच होतं. ते डोळ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर असतं. टीव्हीचं चित्र ४० सेंटीमीटर उंच, पण खाटेपासून अडीच मीटरवर. ४ भागिले ३० म्हणजे ०.१३, ४० भागिले २५० म्हणजे ०.१६. डोळ्याला दोन्ही चित्रं जवळपास सारख्याच आकाराची वाटतात. टीव्ही दहापट मोठा, पण आठपट लांब. मोबाइलवर जो तक्ता वाचता येत नाही तो टीव्हीवरही वाचता येणार नाही, आणि टीव्ही डोळ्याजवळ ओढता येत नाही.

मग आम्ही त्याचा एक जुना तक्ता खरंच टीव्हीवर लावून अडीच मीटरवर बसलो. पहिल्यांदा काय गेलं असेल तर दशांशाचा टिंब. ०.५ मिली हे काकांनी ५ मिली वाचलं. त्यांनी स्वतः सांगितलेलं प्रमाण, आणि त्यांनीच दहापट वाचलं. त्यानंतर रफार आणि अनुस्वार. कीटकनाशकाच्या बाबतीत हा टिंब म्हणजे गंमत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या व्हिडिओत दशांश चिन्ह येत नाही. "अर्धा मिली" असं अक्षरात येतं, एका वेळी एकच ओळ, चित्राच्या उंचीच्या दहाव्या भागाएवढी, आणि काका ती तोंडानं दोनदा म्हणतात. लिटरमागे किती आणि पंपामागे किती हेही वेगळं सांगतात, कारण शेतात हिशेब पंपाचा असतो.

राहिला संपूर्ण तक्ता. तो आजवर व्हिडिओखालच्या वर्णनात लिंक देऊन ठेवलेला असायचा. टीव्हीवर ती लिंक दाबून काही उपयोग नाही. रिमोट हातात धरून कोण पान उघडणार? म्हणून क्यूआर कोड. यात एक आयतं मोजमापही मिळतं. मोबाइलवर पाहणारा माणूस स्वतःच्याच पडद्यावरचा कोड त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करू शकत नाही. थोडे कॉम्प्युटरवाले आणि स्क्रीनशॉट काढून स्कॅन करणारे सोडले तर स्कॅन करणारा टीव्हीसमोरचाच. कोडमध्ये वेगळी लिंक ठेवली की स्कॅनची संख्या वेगळी मोजता येते.

पहिल्या वेळी पुतण्यानं कोड कोपऱ्यात, टीव्हीवर पाच-सहा सेंटीमीटर होईल एवढा टाकला. दोन आठवड्यांत स्कॅन आले ३. ढोबळ नियम असा आहे, की कोड जेवढा मोठा त्याच्या दहापट अंतरापर्यंत तो वाचला जातो. अडीच मीटरवरून वाचायचा तर कोड २५ सेंटीमीटर हवा, म्हणजे ४० सेंटीमीटर उंच पडद्याचा साठ टक्क्यांहून जास्त भाग. कोपऱ्यात भागत नाही, सगळा पडदाच द्यावा लागतो. पुढच्या व्हिडिओत शेवटी वीस सेकंद पूर्ण पडदाभर कोड, आणि काकांचा आवाज : "टीवीवर पाहत असान तं मोबाइल घ्या अन् याचा फोटो काढल्यासारखं करा." त्या व्हिडिओला दोन आठवड्यांत टीव्हीवर सुमारे ७०० व्ह्यूज आले आणि ९६ स्कॅन. मला वाटलं होतं तीस येतील.

हे टीव्ही गावातले की पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांच्या फ्लॅटमधले, हा प्रश्न मात्र अहवालानं सोडवला नाही. टीव्हीचा फिल्टर लावून शहरांची यादी पाहिली तर नागपूर सगळ्यात वर. पण ठिकाण आयपी पत्त्यावरून ठरतं, आणि गावातला टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर त्याचा पत्ता नेटवर्कच्या मोठ्या शहरातला निघू शकतो. वयाचा अहवालही तसाच. टीव्हीत ज्याचं खातं टाकलेलं असतं त्याचं वय दिसतं. टीव्ही घेताना मुलानं आपलं खातं टाकलं, पाहतो बाप, आणि अहवालात पंचविशीतला प्रेक्षक. तेव्हा तिथे आम्ही आकडे सोडून दिले आणि स्कॅन करून उघडणाऱ्या पानावर एकच प्रश्न ठेवला : तालुका कोणता? ९६ पैकी ४१ जणांनी उत्तर दिलं. त्यात राळेगाव, कळंब, हिंगणघाट, मारेगाव, पांढरकवडा असेच तालुके जास्त, पुणे चार. एवढ्यावर मोठं विधान करता येत नाही, पण टीव्ही गावात आहेत एवढं कळलं.

डिसेंबरअखेर पुन्हा नव्वद दिवस काढले. टीव्हीचा वाटा व्ह्यूजमध्ये १३ टक्के, तासांमध्ये २९. पुतण्या खूश. मी त्याला थांबवलं. मधे दिवाळी गेली, दिवाळीत टीव्ही विकत घेतले जातात, थंडीत लोक लवकर घरात येतात, वेचणीच्या दिवसांत विषयही वेगळे. आमच्या बदलामुळे किती आणि यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. ते कळायला पुढच्या जुलै-सप्टेंबरची याच जुलै-सप्टेंबरशी तुलना करावी लागेल. टीव्हीवरचा एका व्ह्यूमागचा वेळ दहा मिनिटांवरून दहा मिनिटं वीस सेकंद झाला, म्हणजे काहीच बदल नाही. मोबाइलवरचा मात्र ३:२० वरून ३:५० झाला. अक्षरं टीव्हीसाठी मोठी केली आणि फायदा मोबाइलवाल्याला झाला, असं असू शकतं. फुटपट्टीचा हिशेब तसंच सांगत होता.

जानेवारीत काका फोनवर बोलत होते. स्कॅन करणाऱ्या एकाला त्यांनी विचारलं होतं, दिवसा का पाहत नाही, सोमवारी अकराला व्हिडिओ येतो, तुम्ही शनिवारी पाहता. त्यानं सांगितलं, टीव्हीला इंटरनेट पोराच्या मोबाइलचं. पोरगा दिवसा कॉलेजात, संध्याकाळी आला की टीव्ही चालतो, आणि निवांत शनिवारी. कुठल्या तासाला कुठल्या डिव्हाइसवर पाहिलं हे स्टुडिओच्या अहवालात मिळत नाही, आणि रोजचे आकडेही अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे कापलेले असतात. त्यांचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला बदलतो, त्यामुळे वारांवरूनसुद्धा आम्हाला हे दिसलं नसतं. आता व्हिडिओ शनिवारी संध्याकाळी सहाला जातो. दोनच शनिवार झालेत.